दुपारी रस्त्यावर पाणी, रात्री वावरात रेल्वेचा भोंगा: दोन्हीचं मूळ एकच आहे का?

हरभऱ्याचं_वावर · ११ जानेवारी, रात्री ११:५०

वावरातूनच लिहून राहिलो. लाइन रात्रीची आहे, मोटर सुरू आहे, एक सरी भरेपर्यंत बसण्याशिवाय काम नाही.

आमचं वावर धामणगावच्या रेल्वे लाइनपासून नकाशावर मोजलं तर सरळ सहा किलोमीटर आहे. दिवसा तिथून काहीच ऐकू येत नाही. मी लहानपणापासून इथे आहे, भर दुपारी भोंगा ऐकल्याचं मला आठवत नाही. आणि रात्री मालगाडी गेली की भोंगा असा येतो जणू पांदण ओलांडली की पलीकडे रूळच आहेत. कधीकधी रुळांची खडखडसुद्धा.

आता दुसरं. माझा पुतण्या बारावीत आहे. मे महिन्यात आम्ही दोघं मोटरसायकलवर यवतमाळला चाललो होतो, समोर डांबरी रस्त्यावर पाणी चमकत होतं. तो म्हणाला, "काका, हे मृगजळ आणि तुमचा रेल्वेचा भोंगा, दोन्ही एकच भानगड आहे." कुठेतरी वाचलं म्हणे. पण नीट सांगता त्यालाही आलं नाही. उजेड आणि आवाज एका दावणीला कसे बांधले जातात? एक दुपारचं, एक रात्रीचं. एक उन्हाळ्याचं, एक हिवाळ्याचं.

जाणकारांनी सांगावं. घाई नाही, अजून अकरा सऱ्या बाकी आहेत.

निवांत_माणूस · १२ जानेवारी, सकाळी ७:१५

दादा, इतकं खोल जायची गरज नाही. दिवसा ट्रॅक्टर, थ्रेशर, पाखरं, माणसं, सगळ्यांचा गलका असतो. रात्री सगळं गप्प, म्हणून लांबचं ऐकू येतं. घरातलं घड्याळ रात्रीच टिकटिकतं, दिवसा नाही. तसंच.

पोळ्याचा_बैल · १२ जानेवारी, सकाळी ८:०२

तसं नाई भाऊ. गार हवा जड रायते, दाट रायते. दाट वस्तूतून आवाज लवकर पळते. रुळाले कान लावून पाय, गाडी दिसाच्या आंदी आयकू येते का नाई? लोखंड दाट हाय म्हनून. तसीच रातची हवा दाट, म्हनून आवाज सुसाट. माह्या आज्याले हे सारं ठाऊक होतं, थो काई बारावी शिकला नोता.

फळा_आणि_खडू · १२ जानेवारी, दुपारी १:३०

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मृगजळापुरतं सांगू शकते. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ असते, वरची तुलनेने दाट. आकाशाकडून तिरपा येणारा प्रकाश दाट थरातून विरळ थरात जाताना आडवा आडवा होत जातो, आणि एका ठिकाणी पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन वर फिरतो. आपल्याला रस्त्यावर आकाशाचा तुकडा दिसतो, मेंदू त्याला पाणी समजतो. पुस्तकात हेच आहे.

आवाजाचं मात्र मला जुळवता येत नाही. शिवाय निवांत दादांचं म्हणणं मला पटतं.

डीजे_त्रस्त · १२ जानेवारी, दुपारी ३:४८

बरं झालं कोणी तरी विषय काढला. आमच्या गावात लग्नसराईत रात्री बारा बारापर्यंत डीजे असतो. नियम रात्री १० ते सकाळी ६ बंदचा आहे ना? तक्रार कुठे करायची? तीन किलोमीटरवरच्या गावातला डीजेसुद्धा आमच्या खिडक्या हलवतो. त्या गावात जाऊन विचारलं तर म्हणतात, आवाज कमीच ठेवला होता.

कोरडवाहू · १२ जानेवारी, रात्री ९:२०

पुतण्याचं बरोबर आहे. मी शेतीकडे वळायच्या आधी चंद्रपूरकडे कोळसा खाणींच्या परिसरात स्फोटांचा आवाज मोजायच्या कामावर होतो, म्हणून हा प्रकार जवळून पाहिला आहे. थोडं सविस्तर लिहितो.

आधी पोळ्याच्या बैलाचं. भाऊ, निरीक्षण खरं, कारण उलटं. लोखंडातून आवाज लवकर जातो तो ते दाट आहे म्हणून नाही, ते कडक आहे म्हणून. दाटपणा उलट आवाजाला मागे ओढतो. आता हवेचं बघा. गार थर आणि गरम थर एकमेकांवर टेकलेले, दोघांवर दाब जवळपास सारखाच. म्हणजे स्प्रिंग तीच, पण गार हवेत तिला ओझं जास्त हलवायचं आहे. म्हणून गार हवेत आवाज सावकाश जातो. १० अंशांला सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४५ अंशांला सुमारे ३५८. दर अंशाला साधारण ०.६ मीटरचा फरक.

प्रकाशाचं कारण वेगळं, पण निकाल तोच. गरम हवा विरळ, म्हणून तिच्यात प्रकाशाला अडथळा किंचित कमी. म्हणजे दोघंही गरम थरात जलद, गार थरात हळू. दोघांना एका दावणीला बांधणारी गोष्ट एवढीच.

आता बंडी डोळ्यापुढे आणा. डावा बैल चुकार असला तर बंडी कुठे जाते? डावीकडे. लाट अशीच वळते: जिकडची बाजू हळू, तिकडे. म्हणजे उजेड असो की आवाज, दोघंही गार हवेकडे झुकतात. दुपारी गार हवा वर असते, म्हणून दोघंही वर वळतात. रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकते, तिला चिकटलेली हवा गार होते, वरची उबदार राहते. म्हणून दोघंही खाली वळतात.

दुपारी वर वळलेला उजेड तुमच्या डोळ्यात शिरला की ते मृगजळ. आवाजही तेव्हा तसाच वर वळून तुमच्या डोक्यावरून निघून जातो, म्हणून भोंगा ऐकू येत नाही. रात्री तोच आवाज परत जमिनीकडे येतो.

डीजे_त्रस्त, तक्रारीचं मला ठाऊक नाही. पण त्या गावातले लोक खोटं बोलत असतीलच असं नाही. आवाज त्यांच्या डोक्यावरून उठून तुमच्या खिडकीवर उतरत असू शकतो.

फळा_आणि_खडू · १२ जानेवारी, रात्री १०:०५

सर, एक शंका मला कायम छळते, विद्यार्थ्यांनी अजून विचारली नाही हे माझं नशीब. प्रकाश आडवा होत होत अगदी रस्त्याला समांतर झाला, तर त्याने तसंच सरळ जायला हवं. समांतर चाललेला किरण पुढचा थर ओलांडतच नाही. मग तो वर का वळतो? म्हणूनच पुस्तकवाले तिथे "परावर्तन" म्हणून मोकळे होतात की काय?

कोरडवाहू · १२ जानेवारी, रात्री १०:४१

ताई, शंका अगदी मर्मावर आहे. किरण ही कागदावरची रेघ आहे, तिला जाडी नाही. खरी लाट उंचीला थोडी तरी असते. लाटेचा खालचा भाग जास्त गरम हवेत, वरचा कमी गरम हवेत. समांतर चालत असतानाही खालचा बैल पुढे पळतोच आहे, म्हणून बंडी वर वळते. थर ओलांडायची गरज नाही. आरशासारखी कुठलीच पाटी तिथे नाही, सलग वळण आहे. "परावर्तन" म्हटल्याने उत्तर चुकत नाही, पण पोरांना वाटतं की रस्त्यावर हवेचा आरसा पडला आहे.

1798 मध्ये नेपोलियनच्या सैन्याबरोबर इजिप्तला गेलेल्या मोंज या फ्रेंच गणितज्ञाने मृगजळाचा उलगडा केला, तेव्हापासून ही परावर्तनाची मांडणी चालत आली आहे.

लालपरी_सारथी · १३ जानेवारी, सकाळी ६:१०

मी एसटी चालवतो, २२ वर्षं झाली. कारंजा, दारव्हा, यवतमाळ, हाच पट्टा. तीन गोष्टी सांगतो, अर्थ तुम्ही लावा.

पहिली, पाण्याला मे महिनाच लागतो असं नाही. आत्ता जानेवारीतही दुपारी बाराला दिसते. दुसरी, गाडीतून पाणी दिसते त्यापेक्षा घरच्या स्कूटीवरून जास्त जवळ दिसते. तिसरी, चढाच्या माथ्यावर पोचायच्या थोडं आधी ते एकदम जवळ येते, आणि समोरच्या ट्रकचे चार दिवे दिसतात, दोन वर, दोन खाली. नवीन असताना मी एकदा ब्रेकवर उभाच राहिलो होतो. मागून कंडक्टरने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कोरडवाहू · १३ जानेवारी, रात्री ८:५५

सारथीदादा, तुमच्या तिन्ही गोष्टी बरोबर बसतात. दुसरीवरून हिशेबच मांडतो.

समजा हवा ४५ अंश आणि डांबराला चिकटलेली हवा ६५ अंश. २० अंशांचा फरक. एवढ्या फरकाने प्रकाशाचा वेग किती बदलतो? दहा लाखांत फक्त १५ भाग. इतक्या नगण्य फरकाने वळायचं तर प्रकाश रस्त्याला जवळजवळ घासतच यायला हवा. त्या कोनाचं सूत्र सोपं आहे: फरकाची दुप्पट करून वर्गमूळ.

```
θ = √(2 × 0.000015) ≈ 0.0055 रेडियन ≈ 0.3°
अंतर = डोळ्याची उंची ÷ θ
1.2 मी ÷ 0.0055 ≈ 220 मी
2.2 मी ÷ 0.0055 ≈ 400 मी
```

स्कूटीवर डोळा १.२ मीटरवर धरला तर पाणी सव्वादोनशे मीटरच्या आसपास सुरू होतं. एसटीच्या सीटवर २.२ मीटर, तर ४०० मीटरवर. पुढे गेलात की तोच कोन तुमच्याबरोबर पुढे सरकतो, म्हणून पाणी पळत राहतं. चढाच्या माथ्याशी नजर आपोआपच रस्त्याला घासते, म्हणून तिथे ते जवळ येतं. आणि जानेवारीचं कारण, इथे तापमान नाही, फरक महत्त्वाचा. हवा २८ आणि डांबर ४५ असलं तरी काम भागतं.

आता हाच २० अंशांचा फरक आवाजाला लावा. त्याचा वेग ३ टक्क्यांनी बदलतो, म्हणजे प्रकाशाच्या सुमारे दोन हजार पट. म्हणून आवाजाला रस्ता घासत यायची गरज नाही, आणि इतका तापलेला रस्ताही लागत नाही. चार अंशांचा फरक पुरतो.

हरभऱ्याचं_वावर · १४ जानेवारी, रात्री १२:२०

तिळगूळ घ्या, गोड बोला, तारीख बदलली आहे. चार अंश म्हणजे कुठून कुठे? आणि माझ्या सहा किलोमीटरचा हिशेब जमतो का?

एक पाहिलं. शेकोटीचा धूर सरळ वर जात नाही. माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत जातो आणि मग चादरीसारखा आडवा पसरतो, थेट पांदणीपर्यंत. टॉर्च मारला की खालून थर दिसतो.

कोरडवाहू · १४ जानेवारी, सकाळी ६:४०

तो धूर म्हणजे तुमचं थर्मामीटरच आहे. वर उबदार झाकण असल्याशिवाय धूर असा आडवा होत नाही.

हिशेब असा. जमिनीलगत १० अंश, ५० मीटरवर १४ अंश धरू. स्वच्छ, शांत रात्री हे सहज घडतं. वेगातला फरक सेकंदाला २.४ मीटर. त्यावरून आवाजाच्या वाटेचं वळण निघतं: सुमारे सात किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. भोंग्यातून सात अंशांपर्यंत वर निघालेला आवाज त्या ५० मीटरच्या आतच वळून खाली येतो, जास्तीत जास्त पावणेदोन किलोमीटरवर. तिथे जमिनीवर आपटतो, पुन्हा उठतो, पुन्हा वळतो. म्हणजे तुमच्या वावरापर्यंत चारेक टप्पे.

सात अंशांपेक्षा जास्त वर निघालेला मात्र सुटून जातो. बाकीचा थराच्या खाली अडकून ताटासारखा सपाट पसरतो, घुमटासारखा नाही. म्हणून तो लवकर विरत नाही.

दिवसाचा हिशेब मी ढोबळच धरतो, कारण जमिनीजवळ फरक फार झपाट्याने बदलतो. सरासरी दर मीटरला ०.१ अंश घट धरली, भोंगा ४ मीटरवर, तुमचा कान दीड मीटरवर, तर सुमारे ३५० मीटरनंतर तुम्ही आवाजाच्या सावलीत जाता. आवाज तिथे शून्य होत नाही, हवेतल्या खळबळीने थोडा झिरपतो, पण सहा किलोमीटरवर त्यातलं काही उरत नाही.

निवांत दादा, तुमचं म्हणणंही खोटं नाही. रात्रीची शांतता मदत करतेच. पण फक्त शांतता असती तर आभाळ भरलेल्या रात्रीही भोंगा तितकाच यायला हवा होता.

निवांत_माणूस · १४ जानेवारी, सकाळी ९:३०

हे बघायला हवं. मी अजून शांततेच्याच बाजूने आहे, सांगून ठेवतो.

हरभऱ्याचं_वावर · १९ जानेवारी, रात्री १०:१५

बघितलं. मधल्या दोन रात्री ढग होते, गारठा कमी होता, शेकोटीचा धूर सरळ वर गेला. भोंगा एकदाच आला, तोही असा की आला की भास झाला कळेना. काल आकाश निरभ्र, भोंगा पुन्हा पांदणीपलीकडे. सकाळचंही बघितलं, ऊन चढल्यावर साडेआठनंतर बंद.

पण एक फसलं. दिवसा आवाज डोक्यावरून जातो म्हणालात ना, म्हणून मी मचाणावर चढून दुपारी दोन तास बसलो. चार मीटर उंच आहे. काहीच नाही. बायको खालून विचारत होती, तिथे काय पाहता. रोही, म्हटलं.

कोरडवाहू · १९ जानेवारी, रात्री १०:५०

अरेरे, मी आधी सांगायला हवं होतं. चार मीटर चढल्याने सावलीची कड साडेतीनशेवरून साडेचारशे मीटरच्या आसपास सरकते, इतकंच. सहा किलोमीटरसाठी ते काहीच नाही. रेडिओ भोंग्याइतका उंच नसतो, म्हणून कोणाला तरी ३०० मीटरवर रेडिओ लावून उभं करा, वारा पडलेला असताना. मग खाली आणि वर फरक कळायला हवा. वारा असेल तर हिशेब बदलतो, कारण वर वारा जास्त, खाली कमी. वाऱ्याविरुद्ध येणारा आवाज वर उचलला जातो, वाऱ्याबरोबरचा खाली दाबला जातो. 1857 मध्ये स्टोक्सने हे सांगितलं होतं, आणि पुढे रेनॉल्ड्सने 1870 च्या दशकात उघड्या मैदानात घंटा वाजवून तपासलं. कान वर उचलला की वाऱ्याविरुद्धचा आवाजही ऐकू येतो, हे त्याला आढळलं होतं.

म्हणून खाणीत मोठा स्फोट पहाटे घ्यायला आम्ही नको म्हणायचो. दारू तेवढीच, पण पहाटे चार गावं पलीकडून फोन यायचे, दुपारी शेजारच्या गावातूनही नाही.

पोळ्याचा_बैल · १९ जानेवारी, रात्री ११:०८

मंग उजेड बी रातचा खाली वळते म्हनता, थो काहून दिसत नाई? आमच्या वावरातून थंडीत पाहाटे टेकडीपल्याडच्या वस्तीचा येक दिवा दिसते. उन्हाळ्यात दिसतच नाई. सांगा आता.

कोरडवाहू · २० जानेवारी, सकाळी ७:०५

भाऊ, हा प्रश्न तुमच्या आज्याला शोभतो. वळतो, पण फार थोडा. वरचेच आकडे धरले तर सहा किलोमीटरमध्ये उजेड दीड मीटरभर खाली झुकतो. म्हणजे धुऱ्याआड लपलेला दिवा डोकावू शकतो, टेकडीआडचा नाही. तुमची टेकडी किती उंच?

पोळ्याचा_बैल · २० जानेवारी, सकाळी ७:३०

टेकडी म्हंजे बरडाचा उंचवटा हाय. मोजली नाई. पन मधात तुरीचं वावर हाय.

हरभऱ्याचं_वावर · २० जानेवारी, सकाळी ७:४४

तूर आता सोंगली असेल की. मग दिवा दिसणारच!

पोळ्याचा_बैल · २० जानेवारी, सकाळी ७:५१

सोंगाच्या आंदीपासून दिसते. आन उन्हाळ्यात तूर रायते का वावरात? तवा काहून दिसत नाई?

कोरडवाहू · २० जानेवारी, सकाळी ८:१६

हे मला सुटलेलं नाही. उन्हाळ्यात धूळ असते हे एक, आणि तिथले लोक पहाटे दिवा लावतात की नाही हे दुसरं. एप्रिलमध्ये त्या वस्तीवर फोन करून दिवा लावायला सांगा, मग बघा.

लालपरी_सारथी · २० जानेवारी, दुपारी २:२५

आज दारव्ह्याच्या अलीकडे गाडी थांबवून पाणी कुठे सुरू होते ते बघितलं. किलोमीटरच्या दगडावरून अंदाज चारशेच्या वर. खाली उतरून उकिडवं बसलो तर पाणी एकदम जवळ, दीडशेवर असेल. प्रवाशांनी विचारलं, पंक्चर आहे का.

हरभऱ्याचं_वावर · २० जानेवारी, रात्री १०:३३

रेडिओ रविवारी लावतो, पुतण्या येणार आहे. मोटर बंद पडली, लाइन गेली. भोंगा मात्र आत्ताच आला, खडखडसकट.